मोहन कडकडीत गरम, मग हे लोणी बर्फासारखं का? औंढ्याच्या उन्हाळ्यात टार्टचं पीठ

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना प्रमाण लिहून घ्यायची गडबड नको, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं. बोलल्यासारखंच ठेवलंय, फक्त "अं" आणि "म्हणजे" जरा कमी केलेत.)

हेडफोन लावा, आणि हाताशी पीठ असेल तर आधी हात धुऊन मग फोनला हात लावा.

आजचा विषय शॉर्टक्रस्ट पेस्ट्री. आता पेस्ट्री म्हटलं की आपल्याकडे हिंगोलीत काय, औंढ्यात काय, क्रीम लावलेला केकचा त्रिकोणी तुकडाच डोळ्यासमोर येतो. ती पेस्ट्री वेगळी. ही शॉर्टक्रस्ट म्हणजे टार्टची किंवा पायची खालची वाटी. मैदा, लोणी आणि जेमतेम पाणी, एवढ्यावर होणारी. दाताखाली आली की खुसखुशीत तुटते, आणि नीट जमली असेल तर तुटलेल्या कडेला पातळ पातळ पापुद्रे दिसतात.

विषय सुचला तो एका ताईमुळे. गेल्या मे महिन्यात मी घरी, औंढ्याला आलो होतो. आमच्या गल्लीत एक ताई घरून केकच्या ऑर्डरी घेतात. त्यांना एका साखरपुड्यासाठी वीस आम्रखंड टार्टची ऑर्डर आली होती. रविवारी संध्याकाळी द्यायची. गुरुवारी त्यांनी नमुन्याला आठ करून बघितले आणि तेच डब्यात भरून माझ्याकडे आल्या. मी दोन वर्षं पुण्यात एका बेकरीत कामाला होतो, हे त्यांना माहीत.

"दादा, हे बघा. वाटीएवढं पीठ लावलं होतं, भाजल्यावर निम्म्यावर आलं. आणि दगड झालाय नुसता. लोणी सगळं खाली ट्रेमध्ये."

मी एक तोडून बघितला. तोडावा लागला, हे महत्त्वाचं. शॉर्टक्रस्ट बोटांनी दाबली की तुटली पाहिजे. ही वाकली, मग काडकन मोडली. आत एकसारखं घट्ट, पापुद्रा एकही नाही, आणि तळ तेलकट.

इथून पुढचा सगळा भाग म्हणजे त्या आठ वाट्यांचं काय चुकलं, आणि रविवारी वीस कशा गेल्या, एवढीच गोष्ट.

मावशीचा प्रश्न

ताई बोलत होत्या तेव्हा माझी मावशी ओट्यापाशीच उभी होती. चाळीस दिवाळ्या करंज्या केलेली बाई. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मैदा खुसखुशीत करायचा तर मोहन कडकडीत गरम घालतात. तुम्ही लोणी फ्रिजमधलं घालताय. ते कसं चालायचं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि याचं उत्तर कळलं की अख्खी रेसिपी कळते. म्हणून जरा थांबून बघू.

मैद्यात साधारण १० टक्के प्रथिनं असतात. त्यांना पाणी मिळालं आणि वरून मळणं मिळालं की त्यांची एकमेकांत गुंतलेली, रबरासारखी ताणणारी जाळी तयार होते. तेच ग्लुटेन. पोळीला, पावाला ते हवं असतं. खुसखुशीत पदार्थाला ते नको असतं, कारण जाळी जितकी मजबूत, तितका पदार्थ चिवट किंवा कडक.

मोहन काय करतं? गरम तूप पातळ असतं, ते मैद्याच्या कणाकणाला लागतं. कणाला तुपाचा लेप बसला की पाणी आत सहज शिरत नाही, जाळी तुटक तुटक राहते. शंकरपाळी खुसखुशीत होते ती यामुळे. इंग्रजीत या पिठाला शॉर्ट म्हणतात त्याचं कारण हेच सांगतात, की स्निग्ध पदार्थ ग्लुटेनचे धागे आखूड ठेवतो.

पण मोहनानं खुसखुशीतपणा येतो, पापुद्रे येत नाहीत. मी मावशीला उलट विचारलं, "मग साट्याच्या करंजीला पापुद्रे कुठून येतात?"

ती म्हणाली, "साट्यामुळं."

झालं की! मोहन पिठात मिसळून जातं, साटा मिसळत नाही. तूप आणि तांदळाची पिठी फेसून आपण तो दोन पोळ्यांच्या मधे थर म्हणून लावतो. तो वेगळा राहतो म्हणून पोळ्या एकमेकींना चिकटत नाहीत, आणि तळताना सुटतात.

शॉर्टक्रस्टमध्ये थंड लोणी ही दोन्ही कामं एकटं करतं. त्यातलं थोडं लोणी बोटांनी चोळून मैद्याला लावायचं, ते मोहनाचं काम करतं. उरलेलं तुकड्या-तुकड्यानं तसंच राहू द्यायचं. लाटताना ते तुकडे चपटे होतात आणि पिठात लोण्याच्या छोट्या छोट्या पातळ चकत्या तयार होतात. हा झाला साटा, फक्त सलग नाही, विखुरलेला.

आणि लोण्याकडे तुपापेक्षा एक गोष्ट जास्त आहे: पाणी. विकतच्या लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश असतो, आणि उरलेल्यात बहुतेक पाणी. ओव्हनच्या गरमीत लोण्याची चकती वितळते, तिच्यातल्या पाण्याची वाफ होते, ती वाफ वरचा पिठाचा थर उचलते, आणि तेवढ्यात पीठ भाजून कडक होतं. चकती होती तिथं पोकळी राहते. तोच पापुद्रा.

आता कळलं ना, थंड कशासाठी? ओव्हनमध्ये जाईपर्यंत लोण्याचा तुकडा तुकडाच राहिला पाहिजे. आधीच वितळला तर तो मैद्यात मुरणार, म्हणजे परत मोहनच होणार. ते सुद्धा अर्धवट आणि पाणी मिसळलेलं.

मे महिना आणि मैद्याचा डबा

परदेशातल्या व्हिडिओत सांगतात, लोणी फ्रिजमधून काढा आणि चोळा. त्यांच्या स्वयंपाकघरात ते ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर ४० च्या वर, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात त्याहून वाईट.

लोणी फ्रिजमधून निघतं तेव्हा ४-५ अंशांवर असतं, दगडासारखं. २० अंशांच्या आसपास ते बोटानं सहज दाबलं जातं. ३२ ते ३५ अंशांत वितळून जातं. म्हणजे ताईंच्या ओट्यावर ते लोणी म्हणून टिकणारच नव्हतं.

ताईंनी लोणी थंड घेतलं होतं, पाणीही थंड घेतलं होतं. चूक त्यांना दिसेना. मी विचारलं, "मैदा कुठला घेतला?"

"डब्यातला."

इथंच गोम होती. डब्यातला मैदा खोलीइतकाच गरम, म्हणजे समजा ३८ अंश. तो २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम. वजनानं मैदा दुप्पट! दोन्ही एकत्र आले की लोणी लगेच २० अंशांच्या आसपास जाऊन मऊ पडायला लागतं, अजून तुमचा हातही लागलेला नसतो. आणि तुम्ही बर्फाचं पाणी घालता किती? ४० मिली. एवढ्याशा पाण्यानं काय थंड होणार?

म्हणून उन्हाळ्यात पहिलं काम मैदा थंड करण्याचं. मैदा मोजून, मीठ घालून, झाकणाच्या डब्यात किंवा पिशवीत रात्रभर फ्रिजमध्ये. परात आणि लाटणंसुद्धा तासभर आत ठेवलं तर उत्तम. लोण्याचे साधारण एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करायचे आणि वापरायच्या आधी १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. नाहीतर अख्खी वडी फ्रीझरमध्ये कडक करून जाड किसणीवर किसली तरी चालते, हाताचा संबंध कमी येतो.

माठाचं पाणी चालेल का, हे हमखास विचारलं जातं. माठाचं पाणी प्यायला गार लागतं, पण ते वीस-पंचवीस अंशांच्या आसपास असतं. लोण्यासाठी ते कोमटच. बर्फ घातलेलं पाणी गाळून घ्या.

आणि वेळ. पहाटे पाच. औंढ्यात मे महिन्यात दिवसातली सगळ्यात थंड वेळ तीच, आणि ओटाही रात्रभरात निवलेला असतो. तरी ओट्याची काळी फरशी कोमट लागली तर बर्फाचं ताट दहा मिनिटं त्यावर ठेवायचं, मग फरशी कोरडी पुसून घ्यायची. कोरडी, हे विसरू नका. ओल राहिली तर ते पाणी पिठात जातं.

चोळणं: रवा आणि डाळ

प्रमाण सोपं आहे. मैदा २००, लोणी १००, पाणी ३० ते ५० मिली. लोणी मैद्याच्या निम्मं, एवढं लक्षात ठेवा. लोणी बिनमिठाचं असेल तर पाव छोटा चमचा मीठ. खारं असेल तर मीठ नको.

थंड मैद्यात लोण्याचे तुकडे टाकले की आधी सगळ्या तुकड्यांना मैदा लागेल असं हलवून घ्या. मग फक्त बोटांच्या टोकांनी चोळायचं. तळहात लावायचा नाही, तो बोटांच्या टोकांपेक्षा गरम असतो. मैदा उचलायचा, अंगठा आणि बोटांमध्ये तुकडा चपटा करायचा, सोडायचा.

कुठं थांबायचं, हा खरा प्रश्न. निम्म्याहून जास्त मिश्रण जाड रव्यासारखं दिसलं पाहिजे, आणि त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढे लोण्याचे तुकडे दिसत राहिले पाहिजेत. सगळंच रव्यासारखं झालं तरी वाया गेलं नाही. टार्ट खुसखुशीत होईल, पापुद्रे होणार नाहीत. पण मिश्रण पिवळसर दिसायला लागलं, बोटांना चिकटायला लागलं, तर लोणी वितळतंय. तिथंच थांबा. अख्खी परात दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पुढे जा. लाज वाटायचं कारण नाही, उन्हाळ्यात बेकरीतही हेच करतात.

मिक्सरमध्ये करायचं असेल तर पल्सवर एक-एक सेकंदाचे पाच-सहा झटके. सलग फिरवलं की पात्यांची गरमी आणि बारीक होणं, दोन्ही एकदम होतं.

पाणी: मुटक्याची परीक्षा

ताईंची दुसरी चूक इथं होती. त्यांनी पोळीची कणीक भिजवतात तसं पाणी घालत घालत मऊ, गुळगुळीत गोळा होईपर्यंत मळलं. किती पाणी गेलं ते मोजलंच नाही. कणीक म्हणून गोळा सुंदर होता. पण गुळगुळीत गोळा म्हणजे ग्लुटेनची पक्की जाळी, आणि भाजल्यावर दगड.

शॉर्टक्रस्टला पाणी फक्त कण एकमेकांना धरून राहण्यापुरतं लागतं. आधी ३० मिली, म्हणजे मोजायच्या सेटमधले दोन मोठे चमचे, सगळीकडे शिंपडल्यासारखं घालायचं. सुरीनं किंवा काट्यानं हलवायचं, हातानं नाही. मग मूठभर घेऊन दाबायचं. मोहन पुरेसं झालं का ते आपण मुटका वळून बघतो, अगदी तस्संच. मुटका टिकला तर पाणी झालं. सुटून कोरडा भुगा पडला तर अजून एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, आणि परत मुटका.

उन्हाळ्यात मैदा सुका असतो, तेव्हा एखादा चमचा जास्त लागतो. पावसाळ्यात कमी. म्हणून आकड्यापेक्षा मुटक्यावर भरवसा ठेवा.

मिश्रण परातीत विस्कटलेलंच दिसेल. "हे काय, हे कुठं मळलंय?" असं मावशी म्हणालीच. ते तसंच दिसायला हवं. सगळं गोळा करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं, बाहेरून दाबून दोन-अडीच सेंटिमीटर जाडीची चपटी थापी करायची. गोल लाडू करू नका. लाडू आतपर्यंत थंड व्हायला वेळ लागतो, आणि नंतर लाटायला जोर लावावा लागतो.

थापीत लोण्याचे पांढरट-पिवळे ठिपके दिसले की समजा आतापर्यंत सगळं बरोबर.

आराम: तिथं काय चालू असतं

थापी फ्रिजमध्ये कमीत कमी अर्धा तास, उन्हाळ्यात एक तास. फ्रीझरमध्ये नाही, कारण तिथं कड गोठते आणि मधला भाग मऊच राहतो.

हा वेळ वाचवावासा वाटतो. ताईंनी वाचवला होता. पण त्या तासात तीन कामं होतात. पाणी थोडंच घातलेलं असतं, ते कुठं जास्त कुठं कमी असतं, ते हळूहळू सगळीकडे सारखं पसरतं. दाबताना-हलवताना जी थोडी जाळी तयार झाली, तिचा ताण सैल पडतो. आणि मऊ पडलेलं लोणी पुन्हा कडक होतं.

ताण सैल पडला की नाही हे लाटतानाच कळतं. लाटलं आणि पीठ रबरासारखं मागे आलं, तर ते अजून तयार नाही. जोर लावून जिंकू नका. तेव्हा हरलं तरी ते भाजताना सूड घेतं. ताईंच्या वाट्या निम्म्यावर आल्या त्या यानंच. ताणून बसवलेलं पीठ ओव्हनमध्ये आपल्या जागी परत गेलं. पुन्हा पंधरा मिनिटं आत ठेवा.

उलट, लाटताना कडेला भेगा पडत असतील तर दोन शक्यता. थापी फारच थंड असेल तर दोन-तीन मिनिटं ओट्यावर ठेवा, भेगा बंद होतील. तरीही भुगाच होत असेल तर पाणी कमी पडलंय. बोटं ओली करून थापीवर शिंपडा, एकदा घडी घाला, परत अर्धा तास आराम.

लाटणं आणि वाटीत बसवणं

दुधाच्या दोन मोठ्या पिशव्या कापून, धुऊन, पुसून घ्या आणि थापी त्यांच्या मधे ठेवून लाटा. मैदा भुरभुरावा लागत नाही, आणि मऊ पडलं तर प्लास्टिकसकट उचलून फ्रिजमध्ये टाकता येतं. मधून बाहेर लाटायचं, पाव फेरी फिरवायचं, परत मधून बाहेर. जाडी तीन मिलिमीटर, म्हणजे पोळीच्या दुप्पट समजा.

टार्टचे साचे नसतील तर स्टीलच्या छोट्या वाट्या चालतात. २०० ग्रॅम मैद्याच्या पिठात आठ होतात. वाटीपेक्षा मोठी चकती कापा, उचलून वाटीत सैल सोडा आणि तळाच्या कोपऱ्यात बोटानं हलकेच बसवा. ताणायचं नाही, ढकलायचं. वरून थोडी कड बाहेर राहू द्या. काट्यानं तळाला टोचे मारा. आणि वाट्या परत फ्रिजमध्ये अर्धा तास. हा दुसरा आराम. लाटण्यानं पुन्हा ताण आलेला असतो आणि लोणी मऊ झालेलं असतं, म्हणून तो लागतो.

कापून उरलेलं पीठ मळू नका. तुकडे एकावर एक रचून दाबा, आराम द्या, आणि त्याचं चवीपुरतं बिस्किट करा.

भाजणं

ओटीजी २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवायचा. गरम ओव्हन हवाच, नाहीतर लोणी वाहून जातं आणि पीठ नंतर भाजतं. ताईंच्या ट्रेमधलं लोणी यामुळंही आलं होतं, ओटीजी सुरू करून लगेच वाट्या आत. आणि ओटीजी लाटायच्या ओट्याजवळ असेल तर लाटून झाल्यावरच सुरू करा, नाहीतर तोच स्वयंपाकघर तापवतो.

प्रत्येक वाटीत बटर पेपरचा तुकडा आणि वर कोरडे हरभरे भरायचे. या वजनानं तळ फुगत नाही आणि कडा घसरत नाहीत. १२ मिनिटांनी हरभरे आणि कागद काढायचा, आणि पुन्हा ८ ते १० मिनिटं. ते हरभरे आता भाजीचे राहिले नाहीत, वेगळ्या बरणीत ठेवा, पुढच्या वेळी हेच.

रंग खारीच्या वरच्या पापुद्र्यासारखा सोनेरी झाला पाहिजे, तळालाही. फिकट काढल्या तर आत कच्च्या राहतात आणि भरल्यावर लगदा होतो.

कढईत मीठ घालून झाकण ठेवून होईल का? नानकटाई होते. इथं खालून भाजतं आणि वरून फिकट राहतं, कडा मऊ पडून घसरतात. साध्या मायक्रोवेव्हमध्ये होत नाही, कन्व्हेक्शन लागतं.

ताईंचा शनिवार

शुक्रवारी रात्री ताईंनी मैद्याच्या तीन पिशव्या भरल्या, दोनशे-दोनशे ग्रॅमच्या. लोण्याचे शंभर-शंभर ग्रॅमचे तीन डबे. बाटलीभर पाणी. सगळं फ्रिजमध्ये. शेजारपाजारून चोवीस वाट्या गोळा केल्या.

शनिवारी पाचला सुरुवात. लोणी आधी पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये, मग एका वेळी एकच पीठ, दुसरं फ्रिजमध्ये वाट बघतंय. सहाशे ग्रॅम एकदम केलं असतं तर शेवटचं चोळेपर्यंत पहिलं वितळलं असतं. पावणेसहापर्यंत तीन थाप्या आत गेल्या. पहिल्या पिठाला ३५ मिली पाणी लागलं, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला परत ४०. आदल्या वेळी त्यांनी न मोजता घातलं होतं, त्यांच्या अंदाजानं अर्धा पेला तरी.

सव्वासहाला मी मुद्दाम पहिली थापी काढून लाटायला सांगितली. अर्धाच तास झाला होता. पीठ थोडं मागे आलं. "हे बघा, अजून नाही." परत ठेवली. पावणेसातला तीच थापी मुकाट्यानं पसरली. हे एकदा हाताला कळलं की घड्याळ बघावं लागत नाही.

आठ-आठ वाट्या बसवून आत गेल्या. लाईट जाईल ही भीती होतीच, म्हणून फ्रिजचं दार फक्त गरजेपुरतं उघडायचं ठरवलं होतं. आठला ओटीजी सुरू, साडेनऊच्या सुमारास तिन्ही घाणे बाहेर. चोवीसपैकी दोन वाट्यांची कड काढताना मोडली. बावीस चांगल्या. उंची जेवढी बसवली तेवढीच, नखभर कमी असेल.

मोडलेल्यातली एक मावशीनं घेतली, तुटलेली कड उजेडाकडे धरून बघितली आणि म्हणाली, "साटा लागलाय की!"

वाट्या गार करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवल्या. अशा तीन-चार दिवस राहतात. पावसाळ्यात मऊ पडल्या तर १६० अंशांवर पाच मिनिटं. रविवारी आतून वितळलेल्या चॉकलेटचा पातळ हात दिला, म्हणजे आम्रखंडाचं पाणी लगेच वाटीत उतरत नाही, आणि नेण्याच्या तासभर आधी भरल्या.

लोण्याऐवजी?

शेवटी दोन प्रश्न, कारण हे येणारच आहेत.

घरचं लोणी चालेल का? चालेल, पण त्यात ताक जास्त असतं, आणि प्रत्येक वेळी वेगळं. थंड पाण्यात धुऊन, दाबून पाणी काढा, मग वजन करा आणि फ्रिजमध्ये कडक करा. वरून पाणी घालताना १५ मिलीपासून सुरू करा.

तूप? उन्हाळ्यात तूप पातळच असतं आणि त्यात वाफेसाठी पाणी नाही. वाटी नानकटाईसारखी विरघळणारी होईल, पापुद्रे होणार नाहीत. वनस्पती तूप लोण्यापेक्षा जास्त गरमीत टिकतं, त्यामुळे हाताळायला सोपं. पण त्याला लोण्याची चव नाही आणि तोंडात टाळूला चिकटल्यासारखं वाटतं. बाहेर ४२ असेल आणि लाईटचा भरवसा नसेल, तर ७० ग्रॅम लोणी आणि ३० ग्रॅम वनस्पती, अशी तडजोड मी स्वतः केलीय.

आज एवढंच. तुम्ही केलंत आणि बिघडलं, तर तुटलेल्या कडेचा फोटो पाठवा. वरून काही कळत नाही, कड सगळं सांगते. आणि पाणी किती घातलं तो आकडाही लिहा. भेटू पुढच्या भागात.